‘पाऊस इंटरसेप्ट झाला’: इंग्लिश-मराठी सोडून इंग्लिश-इंग्लिश डिक्शनरीकडे गेलेल्या एकाची केस

सुरुवात एका मेलपासून झाली. माझा मावसभाऊ, वय सव्वीस, इंग्लिश बी-टू लेव्हलचं, म्हणजे बातम्या, लेख वाचतो, मीटिंगमध्ये बोलतो, सबटायटल बंद केली तरी बरंचसं कळतं, पण लिहायला बसला की मध्येच एखादा शब्द असा टाकतो की वाचणारा अडखळतोच. टीमचं एक काम छान पार पडलं म्हणून त्यानं वरच्या साहेबांना मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला म्हणून बचावला, कारण त्यात वाक्य होतं, ‘वी आर ग्लोटिंग ओव्हर अवर सक्सेस.’

मी विचारलं, अरे हे ग्लोट कुठून आणलंस?

तर म्हणे, ‘ताई, ॲपमध्ये अर्थ बघितला ना, आनंद मानणे. हॅपी, हॅपी किती वेळा लिहू?’

आता ॲप पूर्ण खोटं बोललं असं नाही. ग्लोटमध्ये आनंद आहेच, पण तो दुसऱ्याची जिरली म्हणून होणारा, तोंडावर मिरवून दाखवलेला आनंद आहे, आणि हा शब्द आपण शक्यतो स्वतःबद्दल वापरत नाही, दुसऱ्याला नावं ठेवताना वापरतो. इंग्लिश-मराठी डिक्शनरीत दोन शब्दांच्या जागेत हे सगळं बसणार कुठे. शब्द वाचताना कळण्यापुरतं तेवढं पुरतं, लिहिताना नाही पुरत, आणि बी-टूला माणूस नेमका ह्याच टप्प्यावर येतो जिथे वाचलेले शब्द त्याला स्वतः वापरायचे असतात. मी गेली काही वर्षं मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते, तर मी त्याला म्हटलं आता इंग्लिश-इंग्लिशवर ये. तो लगेच हो म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी परत ॲपवर गेला. सोडून का दिलं तेच आधी सांगते, कारण बहुतेकांचं तिथेच फिसकटतं.

त्यानं डिक्शनरी म्हणून उघडलं काय, तर सर्च केल्यावर सगळ्यात वर जो चौकोन येतो तो. शब्द होता रिलक्टंट. चौकोनात व्याख्या म्हणून तीन शब्द: अनविलिंग, हेझिटंट, डिसइनक्लाइन्ड. म्हणजे व्याख्या नाहीच, तीन समानार्थी शब्द, आणि शेवटचा तर मूळ शब्दापेक्षा अवघड. मग त्यानं डिसइनक्लाइन्ड शोधला, तिथे परत अनविलिंग, मग अनविलिंग शोधला आणि तिथे रिलक्टंट भेटला. गोल फिरून जिथून निघाला तिथेच. दहा मिनिटं गेली आणि शेवटी ॲप उघडून ‘नाखूष’ वाचलं आणि झोपला.

हा दोष त्याचा नाही. एकभाषी डिक्शनऱ्या दोन जातीच्या असतात आणि हे कुणी सांगतच नाही. एक जात ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यासाठी. त्यांना शब्द साधारण माहीत असतो, फक्त खात्री करायची असते, त्यामुळे तिथे आखूड आणि नेमकं लिहितात. सर्चमधला चौकोन हा ह्या जातीचा. दुसरी जात शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेली, जिला लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. ऑक्सफर्डची जी ॲडव्हान्स्ड लर्नर्स आज सगळ्यांना माहीत आहे तिचं मूळ जपानमध्ये आहे, ए. एस. हॉर्नबी तिथे इंग्लिश शिकवायचे आणि 1942 मध्ये त्यांची डिक्शनरी तिथे छापली गेली, नंतर 1948 मध्ये ऑक्सफर्डनं ती काढली. त्यात पहिल्यापासून भर होता तो क्रियापद वाक्यात कसं बसतं हे दाखवण्यावर, कारण शिकणाऱ्याला तेच माहीत नसतं. मग 1978 मध्ये लाँगमन ह्या दुसऱ्या प्रकाशकानं आपल्या लर्नर्स डिक्शनरीत असं केलं की सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांच्या यादीतूनच लिहायच्या. म्हणजे ते 2000 शब्द ज्याला येतात त्याला व्याख्या वाचता आली पाहिजे असा हिशोब. गोल फिरणं शंभर टक्के थांबत नाही पण फार कमी होतं.

रिलक्टंट त्याला लर्नर्समध्ये काढायला लावलं. तिथे सरळ वाक्य आहे, मराठीत सांगायचं तर: एखादी गोष्ट करायच्या आधी कां-कूं करणारा, कारण ती करायची इच्छा नाही किंवा ती करणं बरोबर आहे की नाही याची खात्री नाही. आता ‘नाखूष’च्या शेजारी हे ठेवून बघा. नाखूष माणूस नोकरीवर नाखूष असू शकतो, पगारावर, बायकोवर, कशावरही, आणि सगळं होऊन गेल्यावरही असू शकतो. रिलक्टंट माणसापुढे मात्र एक काम उभं असतं आणि ते अजून करायचं असतं, ‘आधी’ हा एवढासा शब्द हे सगळं सांगून जातो. आणि व्याख्येच्या खाली किंवा आधी ठळक अक्षरात रिलक्टंट टू डू समथिंग असं दिलेलं असतं, म्हणजे पुढे टू आणि क्रियापद येणार, विथ किंवा अबाउट नाही. त्याच्या वहीत आधीच्या महिन्यात ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय जॉब’ असं वाक्य होतं, ते त्यानं स्वतःच खोडलं. मी काही बोलले नाही.

इथे एक चाचणी सांगते जी मी सगळ्यांना करायला लावते, माझ्या अनुभवातली आहे, शास्त्र वगैरे नाही. लर्नर्स डिक्शनरी घ्या आणि तुम्हाला *आधीच पक्के येणारे* दहा शब्द त्यात बघा, मराठीत ज्यांचा अर्थ झोपेत सांगाल असे. त्यांच्या व्याख्या वाचताना न येणारा शब्द जवळपास प्रत्येक व्याख्येत लागत असेल तर अजून थांबा, त्याच कंपन्यांच्या खालच्या लेव्हलच्या डिक्शनऱ्या मिळतात त्या वापरा. दहात एखाददुसरा अडला तर चालतंय. ह्याला दहात एकच अडला. म्हणजे लेव्हल बरोबर होती, डिक्शनरी चुकीची होती.

पुढचे दहा-बारा दिवस बरे गेले असं मला वाटत होतं. तो रोज पाच शब्द बघायचा, पाचच, जास्त नको असं मीच सांगितलं होतं कारण सुरुवातीला एका शब्दाला चार-पाच मिनिटं जातात आणि दहा-पंधरा शब्द घेतले की माणूस परत पळवाट काढतो. वाचताना मध्ये थांबायचं नाही, शब्दाखाली रेघ मारायची, पान संपल्यावर त्यातले पाच निवडायचे. आणि प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य लिहायचं. मी वही बघितली आणि त्यात हे वाक्य: ‘द रेन इंटरसेप्टेड ॲट फाइव्ह.’ पाच वाजता पाऊस इंटरसेप्ट झाला.

मी आधी हसले, मग लक्षात आलं की हे फार कामाचं वाक्य आहे. इंटरसेप्टची व्याख्या अशी सुरू होते: टू स्टॉप… आणि पुढे येतं की जो किंवा जे एका ठिकाणाहून दुसरीकडे चाललंय त्याला तिथे पोचण्यापासून. त्यानं स्टॉप घेतलं आणि बाकीचं सोडलं. ओळखीचा शब्द दिसला की डोळा तिथे थांबतो, मनात ‘थांबणे’ असं मराठी होतं, झालं, मग तुम्ही इंग्लिश-इंग्लिश डिक्शनरी वापरली काय आणि ॲप वापरलं काय, फरक शून्य, उलट व्याख्या वाचायचे कष्ट जास्तीचे.

ही सवय त्याची एकट्याची नाही. मुलं शब्द कसे शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी इंग्लिशच मातृभाषा असलेल्या शाळेतल्या मुलांना डिक्शनरी देऊन वाक्यं लिहायला सांगितली होती, 1987 मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखात इरोड शब्दाचं उदाहरण आहे. इरोडच्या व्याख्येत ‘ईट आउट’ असं होतं, म्हणजे पाण्यानं दगड पोखरला जातो तसं, पण मुलाला ईट आउट म्हणजे बाहेर जेवणं एवढंच माहीत, त्यामुळे त्यानं लिहिलं की आमचं कुटुंब खूप इरोड करतं. म्हणजे व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्यावरून वाक्य बनवायचं आणि त्या जागी नवा शब्द चिकटवायचा. पावसाचंही अगदी तेच झालेलं.

यावर उपाय काय केला, तर त्याला व्याख्या तोडून वाचायला लावली. बहुतेक व्याख्येत आधी गोत्र येतं, हा शब्द कुठल्या घरातला, आणि मग त्या घरातल्या बाकीच्यांपेक्षा ह्याचं वेगळं काय. इंटरसेप्टचं गोत्र स्टॉप. पण त्या घरात स्टॉप, प्रिव्हेंट, ब्लॉक, इंटरप्ट असे कितीतरी राहतात, त्यामुळे गोत्र कळून काहीच कळत नाही, शब्द राहतो तो उरलेल्या भागात. मी त्याला सांगितलं, गोत्राचा शब्द बोटानं झाक आणि उरलेलं वाच, त्यातून तीन प्रश्नांची उत्तरं काढ: कोण करतं, कुणाला किंवा कुठल्या गोष्टीला करतं, कुठल्या परिस्थितीत. इंटरसेप्टमध्ये: कोणीतरी मधे येतं, जे चाललंय त्याला अडवतं, आणि ते पोचायच्या आत. आता पाऊस तपास. पाऊस कुठे निघालाय का? त्याला कुणी मधे अडवलं का? नाही. मग निरोप, पार्सल, विमान, फुटबॉलमधला पास, हे चालतील.

दुसरी तपासणी म्हणजे अख्खी व्याख्या उचलून शब्दाच्या जागी ठेवून वाक्य मोठ्यानं वाचायचं. ‘पाच वाजता पावसानं एका ठिकाणाहून दुसरीकडे चाललेल्याला पोचण्यापासून थांबवलं’, हे म्हणताना त्यालाच हसू आलं. कशाला? कुणाला थांबवलं? वाक्यात कर्मच नाही. ही चाचणी आळशी वाटते पण मला अजून हिच्यापेक्षा स्वस्त चाचणी सापडलेली नाही.

मग ग्लोटकडे परत आलो, आणि ह्या वेळी मुद्दाम कोबिल्ड नावाची लर्नर्स डिक्शनरी काढली. ही 1987 मध्ये आली, बर्मिंगहॅम विद्यापीठातले जॉन सिंक्लेअर तिच्यामागे होते, आणि ह्यांची व्याख्या म्हणजे अख्खं वाक्य असतं, शाळेतला शिक्षक समजावून सांगतो तसं: जर कुणी ग्लोट करत असेल तर ते स्वतःच्या यशाचा किंवा दुसऱ्याच्या अपयशाचा आनंद उर्मटपणे, न आवडेल असा दाखवत असतात. त्याला म्हटलं, आता पहिलाच तुकडा बघ, ‘जर कुणी’. इथे ‘जर तुम्ही’ असं का नाही लिहिलं? कोबिल्डमध्ये बऱ्याच क्रियापदांना ‘इफ यू’नं सुरुवात असते, कारण ती कामं तुम्ही-आम्ही सगळेच करतो, पण जे काम वाचणारा स्वतः करतो असं म्हणणं बरं दिसत नाही तिथे बरेचदा ‘इफ समवन’ असतं. एवढ्या एका सर्वनामात तो शब्द स्वतःबद्दल वापरायचा की नाही ते येतं. शिवाय शेजारी लेबल असतं, नापसंती दाखवणारा शब्द म्हणून. त्यानं लेबलं कधी वाचलीच नव्हती, त्याला वाटायचं ती छापणाऱ्यांच्या कामाची असतात.

‘म्हणजे मी साहेबांना लिहिणार होतो की आम्ही माजलोय?’

जवळजवळ तेच, मी म्हटलं.

उदाहरणाच्या वाक्यांचं वेगळं सांगायला हवं कारण तिथे तो उलटीच चूक करत होता. व्याख्या कळली की उदाहरणं सोडून द्यायचा, आणि मला विचाराल तर घाई असेल तेव्हा उदाहरणं वाचून व्याख्या सोडलेली परवडते. ज्या शब्दाने त्याला हे पटलं तो म्हणजे एंटरटेन. लेखातलं वाक्य असं होतं की कमिटीनं तो प्रस्ताव एंटरटेन करायला नकार दिला. त्यानं पहिला अर्थ वाचला, पाहुण्यांची सरबराई, दुसरा वाचला, करमणूक, आणि मग दहा मिनिटं विचार करत बसला की प्रस्तावाची करमणूक कशी करतात. लर्नर्स डिक्शनरीत अर्थांचा क्रम साधारण जास्त वापर आधी असा असतो, तुमच्या वाक्यातला अर्थ पहिला असेल याची काहीही गॅरंटी नाही. (गंमत म्हणजे आपण मराठीत सर्रास म्हणतो की ‘असले अर्ज आम्ही एंटरटेन करत नाही’, हे त्याला माहीत होतं, फक्त डिक्शनरी उघडल्यावर स्वतःला येतं ते विसरायचं असं काहीतरी होतं माणसाचं.)

तर पद्धत अशी बदलली. शब्दाची सगळी एंट्री वरपासून खालपर्यंत आधी फक्त नजरेखालून घालायची, व्याख्या न वाचता, उदाहरणांमधली नामं बघत. तुमच्या वाक्यात त्या क्रियापदाला प्रस्ताव चिकटलाय, तर उदाहरणात तसलं नाम कुठे आहे? गेस्ट, क्लायंट, चिल्ड्रन, ऑडियन्स हे वर दिसतात, आणि खाली कुठेतरी आयडिया, होप, डाउट, सजेशन दिसतात. प्रस्ताव ह्या दुसऱ्या टोळीतला. मग त्याच क्रमांकाची व्याख्या वाचायची: एखाद्या कल्पनेचा विचार करणं, ती मनात येऊ देणं. अर्धा मिनिट लागलं. शब्दाला अर्थ लागतो तो आजूबाजूच्या शब्दांवरून, आणि ती सोबत उदाहरणात आयती मांडून दिलेली असते.

लिहिण्यासाठी उदाहरण वापरायचं तेव्हा एक बंधन घातलं. स्वतःचं नवं कोरं वाक्य बनवायचं नाही, डिक्शनरीतलं वाक्य घ्यायचं आणि त्यातली एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी नाम बदल, दुसऱ्या दिवशी कर्ता किंवा काळ. तो कुरकुरला, ‘ही तर कॉपी झाली ताई.’ झाली तर झाली. पावसाचं वाक्य कोरं होतं म्हणूनच कोसळलं. सांगाड्यात एक वीट बदलली की कळतं सांगाडा कुठे ताण खातोय: ‘निरोप इंटरसेप्ट केला’च्या जागी ‘पत्र’ चालतं, ‘फाईल’ चालते का? फाईल कुठे पाठवली जात असेल तर चालेल, कपाटात असेल तर नाही. हा प्रश्न त्याला स्वतःहून पडला त्या दिवशी मला वाटलं आता जमतंय.

सगळंच जमलं असं मात्र नाही, आणि काही ठिकाणी मीच त्याला परत मराठीकडे पाठवलं. एका लेखात हेरॉन आला. व्याख्या काय, तर लांब मान आणि लांब पायांचा मोठा पक्षी, पाण्याजवळ राहतो. आता स्टॉर्क बघा, लांब पाय, लांब चोच, मोठा पक्षी. क्रेन बघा, लांब पाय, लांब मान, मोठा पक्षी. तिन्ही व्याख्या वाचून तो तिथेच, आणि मराठीत एक-एक शब्द बास होता: बगळा, करकोचा, सारस. पक्षी, झाडं, रोगांची नावं, सुताराची हत्यारं, असल्या नावांना व्याख्या वाचत बसणं म्हणजे फुकटची तपश्चर्या आहे, मराठी शब्द किंवा फोटो बघा आणि पुढे चला. क्रियापदं, विशेषणं आणि भावनेची नावं, ह्यांनाच एकभाषी डिक्शनरी लागते.

इंग्लिश-इंग्लिश-मराठी अशी तिहेरी डिक्शनरीही मिळते, ती त्यानं मधे आठवडाभर वापरून पाहिली. कागदावर कल्पना उत्तम आहे. पण त्याचा डोळा थेट मराठी ओळीवर उडी मारायचा, वरची इंग्लिश व्याख्या नुसती सजावट. शेवटी त्यानं मराठी ओळीवर पट्टी ठेवायला सुरुवात केली आणि व्याख्या वाचून स्वतः मराठी शब्द म्हणून मगच पट्टी काढायची असं ठरवलं, तेव्हा ती कामाची झाली. ज्यांना एकदम उडी मारायला भीती वाटते त्यांनी हे करून बघायला हरकत नाही.

सहा आठवडे झाल्यावर वही परत पाहिली. एका शब्दाला आता दीड-दोन मिनिटं लागतात, पाचाऐवजी सातआठ घेतो. ओळखीचा तुकडा उचलायची खोड पूर्ण गेलेली नाही, थकलेला असला की अजून होतं, मागच्याच आठवड्यात एकदा झालं, फक्त आता वाक्य लिहून झाल्यावर त्याला स्वतःला शंका येते आणि तो शेजारी प्रश्नचिन्ह काढतो. आधी प्रश्नचिन्हं नसायचीच वहीत. नामापुढे सी आहे की यू, म्हणजे मोजता येतं की नाही, हे मात्र तो अजून वाचत नाही आणि ‘ॲडव्हाइसेस’ लिहितो. त्याच्यावर आत्ता मी काही म्हणत नाहीये, एका वेळी एक.

वहीच्या शेवटच्या पानावर ग्लोट परत दिसला. मराठी अर्थ लिहायचा नाही असं ठरलेलं असताना तिथे मराठीत लिहिलेलं होतं, पेन्सिलनं, बारीक अक्षरात: ‘जिरली म्हणून नाकावर टिच्चून नाचणं.’ कुठल्या डिक्शनरीतून घेतलंस विचारलं तर म्हणाला, कुठल्याच नाही, व्याख्या वाचताना आपोआप आठवलं. तो नियम मोडल्याबद्दल मी त्याला काहीच म्हटलं नाही.